केल्पच्या गोळ्यांपेक्षा मीठच बरं

«मी बिनआयोडीनचं मीठ खाते. त्याऐवजी केल्पच्या गोळ्या चालतील का?»

ताई, मी तरी नाही म्हणेन. किलोला ३० मिलिग्रॅम आयोडीन असलेलं मीठ दिवसाला ५ ग्रॅम खाल्लं, तर १५० मायक्रोग्रॅम मिळतं. प्रौढांची गरज तेवढीच. (गरोदरपणी २५०.) केल्प म्हणजे समुद्री शेवाळ; त्याच्या गोळीत मात्र आयोडीन किती, याचा भरवसा नसतो, काहींत गरजेच्या कितीतरी पट निघतं. वर्षानुवर्षं कमतरता असलेल्या किंवा गाठी असलेल्या थायरॉइडला एकदम इतकं मिळालं, की ती बेसुमार हार्मोन बनवू शकते: धडधड, हातांना कंप, वजनात घट. काहींचं उलट होतं, ग्रंथी मंदावते. गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना सांगून टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करून घ्या.