बातमी खरी, तरी केस कशी होते?

"बातमी खरी असली की अब्रूनुकसानीची केस उभीच राहत नाही. शंका वाटली तर 'सूत्रांनुसार' लिहायचं, नाहीतर 'आमचं मत' म्हणायचं. मग कोणी काही करू शकत नाही." असा एक मेसेज फिरत असतो.

एक काल्पनिक बातमी समोर ठेवू. नागपूरच्या एका प्रभागातला सिमेंट रस्ता पहिल्याच पावसाळ्यात तडकला आणि पेपरात आलं: 'मनपाच्या चाचणीत पाचपैकी तीन नमुने निविदेतल्या ताकदीपेक्षा कमी निघाले. ठेकेदाराने जनतेचे पैसे खाल्ले. सूत्रांनुसार अभियंत्यानेही टक्केवारी घेतली. हे काम म्हणजे नागपूरकरांच्या तोंडाला पानं पुसणं आहे.' वाक्यं चार आहेत, आणि चौघांचं भवितव्य वेगवेगळं आहे.

पहिलं वाक्य भक्कम आहे, अहवालाची प्रमाणित प्रत हाताशी असेल तर. माहिती अधिकारात ती मिळते; कुणी मोबाइलवर पाठवलेल्या फोटोच्या भरवशावर राहू नये. चाचणीची तारीख एका दिवसानं चुकली तरी बिघडत नाही. बातमीचा डंख, म्हणजे तिचा मुख्य आरोप, खरा आहे का, हे पाहिलं जातं.

दुसऱ्या वाक्याचा डंख मात्र वेगळा आहे. काँक्रीट कच्चं निघणं आणि पैसे खाणं या दोन गोष्टी. क्युरिंग नीट झालं नसेल, मिक्समध्ये पाणी जास्त पडलं असेल. अहवालातून निकृष्ट काम सिद्ध होतं, अफरातफर नाही. तरी 'आमची बातमी खरीच होती' असं म्हणणारा बहुतेक वेळा पहिल्या वाक्याचा पुरावा दुसऱ्याला चिकटवत असतो. आणि खरेपणा सिद्ध करायचा भार छापणाऱ्यावर असतो, ठेकेदारावर नाही. फौजदारीत तो भार थोडा हलका आहे: पुराव्याचं पारडं आपल्या बाजूनं झुकलं तरी पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६५ सालीच हरभजन सिंग प्रकरणात सांगितलं. पण पारड्यात टाकायला काहीतरी हवं ना बाप्पा!

आता समजा, सगळंच खरं आहे. दिवाणी दाव्यात, म्हणजे भरपाईच्या मागणीत, तेवढं पुरे. फौजदारीत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधला पहिला अपवाद दोन गोष्टी मागतो: मजकूर खरा असावा आणि तो छापणं लोकहिताचं असावं. रस्त्याच्या बातमीत लोकहित उघड आहे. पण त्याच बातमीत ठेकेदाराच्या घरगुती भांडणाची ओळ घुसडली, तर ती खरी असूनही या अपवादाच्या बाहेर पडते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा.

'सूत्रांनुसार' या शब्दाला कायद्यात ढालीचं स्थान नाही. दुसऱ्याचा आरोप छापणारा स्वतःही तो आरोप करत असतो, त्यामुळे सिद्ध करायची असते ती टक्केवारी. 'सूत्र तसं म्हणालं' हे सिद्ध करून उपयोग नाही. कोर्टातल्या कामकाजाचं बऱ्याच अंशी खरं वृत्त देण्याला वेगळा अपवाद आहे, पण चहाच्या टपरीवरची कुजबुज काही कोर्टाचं कामकाज नव्हे.

इथे अभियंता आणि ठेकेदार यांच्यात एक फरक पडतो, तो मेसेजवाल्यांना ठाऊक नसतो. अभियंता सरकारी अधिकारी. त्याच्या कर्तव्याशी संबंधित वागणुकीबद्दल मजकूर चुकीचा निघाला, तरी छापणाऱ्यानं सत्याची बेफिकीर पायमल्ली केली हे दाखवल्याशिवाय त्याला भरपाई मिळत नाही. वाजवी पडताळणी केली होती, हा बचाव पुरतो. हे १९९४ च्या राजगोपाल निकालात आहे. म्हणून अभियंत्याला फोन केला होता का, कधी केला, तो काय म्हणाला, याची वहीतली नोंद कामी येते. ठेकेदार खासगी माणूस, त्याच्याबाबत ही सवलत गृहीत धरू नये.

राहिलं मत. चौथं वाक्य खरोखर मत आहे, कारण ते खरं की खोटं हे मोजता येत नाही. दुसऱ्या वाक्याआधी 'आमच्या मते' लावलं तरी ते आरोपच राहतं. पैसे खाल्ले किंवा नाही खाल्ले, यात मत कसलं? रास्त टीकेचा बचाव टिकायला टीकेचा आधार असलेली तथ्यं खरी असावी लागतात, ती वाचकाला दिसावी लागतात, विषय सार्वजनिक असावा लागतो आणि मनात आकस नसावा लागतो. भाषा बोचरी असली तरी चालते.

डेस्कवर मी हा अपघात होताना पाहिला आहे. रात्री जाहिरात येते, जागा कमी पडते, आणि उपसंपादक आकड्यांचं रटाळ वाक्य उडवून चटकदार वाक्य ठेवतो. रस्त्याच्या बातमीत तसं झालं तर नमुन्यांचं वाक्य जातं आणि पानं पुसल्याचं वाक्य उरतं. मग चाचणी अहवाल ऑफिसच्या कपाटात असला, तरी वाचकाच्या हातात नुसती शिवी पडलेली असते.