दोन रुपयांसाठी अर्धं पान का? पारोळ्याच्या वाचकाला उत्तर

> भाऊ, नव्या आवृत्तीची नोंद वाचली. आधी तीस-चाळीस ओळींची यादी यायची, आता फक्त चार मुद्दे. त्यातही पहिल्याच मुद्द्यात दोन रुपयांच्या फरकावर अर्धं पान. बाकीचं काय लपवलं? मोठ्या कंपन्या "किरकोळ दुरुस्त्या आणि सुधारणा" एवढं लिहून मोकळ्या होतात, ते तरी बरं. एक तर सगळं सांगा, नाहीतर काहीच सांगू नका. आणि ३.० आली म्हणता, माझ्या काट्यावरच्या मोबाईलवर अजून जुनीच दिसते. चार वेळा रिफ्रेश केलं.
> (एक वाचक, पारोळा)

भाऊ, तुम्ही आमच्या ॲपवर रोज कापसाच्या खेडा खरेदीच्या पट्ट्या काढता, म्हणून गुळगुळीत उत्तर देऊन तुमची बोळवण करणार नाही. सगळ्यात आधी मोबाईलबद्दल एक विनंती. जुनी आवृत्ती जावी म्हणून ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन "डेटा साफ करा" हे मात्र करू नका. का ते खाली सांगतो.

आता यादी. आधी जी यायची ती आमच्या कामाच्या नोंदवहीतून जशीच्या तशी उचललेली असायची. या वेळच्या वहीतल्या चार ओळी बघा:

```
fix: null check in partyLedger
chore: bump deps
refactor: move rounding from line to slip total
feat: xlsx export, drop xls
```

पहिल्या दोन ओळींनी तुमच्या कामात काडीचाही फरक पडत नाही. तिसऱ्या ओळीने शेतकऱ्याच्या हातातल्या पट्टीवरचा आकडा बदलतो. यादीत मात्र चारही ओळी सारख्याच दिसतात. उलट तिसरी तर अशा शब्दांत आहे की वाचणाऱ्याला वाटावं, आतल्या आत काहीतरी आवरासावर केली असेल. लिहिणाऱ्याने ती आमच्याच माणसांसाठी लिहिली होती आणि त्यांच्यापुरती ती बरोबर आहे. पण अशा चाळीस ओळी तुमच्यापुढे ठेवल्या आणि त्यात ही एक घातली, तर सगळं सांगूनही काहीच सांगितलं नाही असं होतं. "किरकोळ दुरुस्त्या आणि सुधारणा" या एका ओळीत जसा हा बदल दिसत नाही, तसाच तो लांब यादीतही दिसत नाही. म्हणून तुम्ही दिलेले दोन्ही पर्याय मला पटत नाहीत.

नोंदीत काय घ्यायचं यासाठी मी एकच गोष्ट बघतो. कागदावरचा आकडा, रोजच्या हाताखालचं बटण किंवा बाहेर पाठवायची फाईल, यातलं काही बदलतंय का? बदलत असेल तर ते नोंदीत येणारच, कितीही लहान असो. नसेल तर ते तळाशी दिलेल्या पूर्ण यादीत जातं. ती यादी बंद केलेली नाही. नोंदीच्या शेवटी लिंक आहे, ज्याला बघायची त्याने खुशाल बघावी.

आता त्या दोन रुपयांकडे येतो, कारण माझ्या मते या आवृत्तीत त्याहून महत्त्वाचं दुसरं काही नाही.

समजा भाव क्विंटलला ७,१५० रुपये, म्हणजे किलोला ७१.५० रुपये. एका शेतकऱ्याच्या कापसाचे पाच काटे झाले: ५२.१, ५०.९, ४८.३, ४९.५ आणि ५०.३ किलो. त्यांच्या रकमा अनुक्रमे ३,७२५.१५, ३,६३९.३५, ३,४५३.४५, ३,५३९.२५ आणि ३,५९६.४५ रुपये. आधीच्या आवृत्तीत प्रत्येक काट्याची रक्कम तिथल्या तिथे पूर्ण रुपयात व्हायची आणि मग बेरीज. इथे पाचही रकमांचे पैसे पन्नासच्या आत आहेत, म्हणजे पाचही वेळा पैसे गळाले आणि बेरीज आली १७,९५२ रुपये. नव्या आवृत्तीत आधी वजनाची बेरीज होते, २५१.१ किलो. त्याला ७१.५० ने गुणलं की १७,९५३.६५ येतात आणि रुपया एकदाच, शेवटी पूर्ण होतो: १७,९५४. तोच कापूस, तोच भाव, पट्टी दोन रुपयांनी जास्त.

उलटंही होतं. ४७.७ आणि ४९.७ किलोचे दोनच काटे घ्या. रकमा ३,४१०.५५ आणि ३,५५३.५५. आधी दोन्ही वर जायच्या आणि ६,९६५ रुपये यायचे. आता ९७.४ किलोचे ६,९६४.१० होतात, म्हणजे ६,९६४. इथे शेतकऱ्याला एक रुपया कमी.

बदल केला तो जिनिंगशी मेळ बसावा म्हणून. तिथे गाडीचा हिशोब एकूण वजनावर होतो, इकडे काट्याकाट्यावर व्हायचा, आणि संध्याकाळी मुनीम त्या दोन-चार रुपयांच्या मागे बसायचा. आता दोन्हीकडे एकच रीत आहे.

आणि हे अर्धं पान कोणासाठी ते सांगतो. नोंद वाचतो मुनीम, पण विचारायला येतो शेतकरी. कट्टी, ओलावा, हमाली यांच्या कपातीने तो आधीच सावध झालेला असतो. मागच्या आठवड्यात घरीच हिशोब करून आलेला माणूस रुपया कमी दिसला की पट्टी पुढे धरून म्हणणारच, "भाऊ, हाई काय व्हयनं?" त्या वेळी मुनिमाजवळ एक सरळ वाक्य हवं: आता सगळं वजन एकत्र करून एकदाच गुणतो. ते वाक्य आम्ही नोंदीत दिलं नाही, तर तो म्हणणार "कॉम्प्युटरने केलं". मग संशय तुमच्या काट्यावर येतो, ॲपवर नाही.

नोंदीत फरकाची मर्यादाही दिली आहे, ती वाचताना निसटली असेल तर पुन्हा बघा. जुन्या रीतीत एका काट्यामागे जास्तीत जास्त पन्नास पैसे इकडे-तिकडे व्हायचे आणि नव्या रीतीत अख्ख्या पट्टीमागे पन्नास. म्हणून पाच काट्यांच्या पट्टीत दोन्ही रीतींमधला फरक तीन रुपयांच्या वर जाऊच शकत नाही. बारा रुपयांचा फरक दिसला तर तो या बदलाचा नाही. भाव चुकीचा पडलाय, नाहीतर एखाद्या काट्याचं वजन वेगळं लिहिलं गेलंय, तिथे शोधा. ही मर्यादा नोंदीत नसती तर पुढचा महिनाभर प्रत्येक चूक नव्या आवृत्तीच्या नावावर खपली असती.

जुन्या पट्ट्यांना हात लावलेला नाही, हेही तिथेच लिहिलंय. आधी काढलेली पट्टी आज पुन्हा छापली तरी जुनाच आकडा येईल, कारण पैसे त्या आकड्याने दिले गेलेत. तुमचा मुनीम एक्सेलमध्ये ओळीओळीची गोळाबेरीज करून पडताळा घेत असेल, तर त्याला तिथलं सूत्र बदलावं लागेल. मेळ आता वजनाच्या बेरजेवरून घ्यायचा.

आता तुमचा मोबाईल. यात खोट नाही, रीतच तशी आहे. काट्यावर रेंज नसते, म्हणून ॲपची एक प्रत ब्राउझर मोबाईलमध्येच ठेवतो. रेंज आली की नवी प्रत मागच्या मागे उतरते, पण लगेच कामाला लागत नाही. जुन्या प्रतीवर चालणारी शेवटची खिडकी बंद होईपर्यंत ती थांबून राहते. रिफ्रेश केल्याने खिडकी बंद होत नाही, ती आहे तशी चालूच राहते. म्हणून चार वेळा करूनही जुनीच दिसली.

नवी प्रत जबरदस्तीने लगेच चालू करता येते. आम्ही मुद्दाम केली नाही. तीन काटे झालेत, दोन बाकी आहेत आणि मध्येच हिशोबाची रीत बदलली, तर त्या पट्टीचं काय करायचं? चालू पट्टी ज्या रीतीने सुरू झाली त्याच रीतीने संपली पाहिजे.

याचा अर्थ असा की दोन-चार दिवस ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ३.० आणि काट्यावर २.७ असं चालेल. म्हणून पट्टीच्या तळाशी आता आवृत्तीचा आकडा छापला जातो. दोन पट्ट्यांत फरक दिसला की आधी तो आकडा बघा. काट्यावरून २.७ ने आलेली पट्टी ऑफिसमध्ये नव्या रीतीने पुन्हा मोजली जात नाही, ती जशी शेतकऱ्याला दिली तशीच राहते.

बदलायचं असं: चालू पट्टी पूर्ण करा. मेन्यूत "पाठवायच्या पट्ट्या" समोर शून्य दिसेपर्यंत रेंजमध्ये थांबा. मग ॲपच्या सगळ्या खिडक्या बंद करा. होम स्क्रीनवर चिन्ह ठेवलं असेल तर चालू ॲपच्या यादीतूनही ते सरकवून काढा. पुन्हा उघडा. मेन्यूच्या तळाशी ३.० दिसलं की झालं. अजूनही २.७ दिसलं तर नवी प्रत पूर्ण उतरलेली नाही. रेंजमध्ये पाच मिनिटं उघडं ठेवा आणि बंद करून परत उघडा.

"डेटा साफ करा" का नको, तर न पाठवलेल्या पट्ट्या त्याच जागेत साठलेल्या असतात. जुनी प्रत जाते आणि तिच्याबरोबर त्याही जातात. गेल्या की त्या कुठूनही परत काढता येत नाहीत. नोंदीत ही ओळ ठळक अक्षरात आहे ती यासाठीच.

२.७ वरून एकदम ३.० का झालं, असंही बरेच जण विचारतात. पहिला आकडा वाढतो तो जुन्या रीतीशी न जुळणारं काही बदललं की. पण ही आमच्या कामातली खूण आहे, तुम्हाला तिच्यापेक्षा तारीख जास्त उपयोगी. म्हणून नोंदीच्या डोक्यावर आधी तारीख आणि मग आकडा असतो. चोपडा-यावलकडचा पूर्वहंगामी कापूस दसऱ्याच्या आधीच काट्यावर येतो, तो यायच्या आत हे व्हावं अशीच तारीख धरली होती.

उरलेल्या मुद्द्यांतला एक तुमच्या सीएंना आजच सांगा: `.xls` फाईल आता निघणार नाही, फक्त `.xlsx` निघेल. त्यांच्याकडे एक्सेल २००३ असेल तर ती तशीच उघडणार नाही. बंद झालेली गोष्ट नोंदीत दुसऱ्याच क्रमांकावर आहे आणि नवीन सोयी तिच्या खाली आहेत. नवी सोय आठवड्याने कळली तरी बिघडत नाही, पण बंद झालेली गोष्ट ऐन कामाच्या वेळी कळली तर दिवस जातो.

मोबाईलवर "पाठवायच्या पट्ट्या" किती दिसतात ते आधी बघून इथेच लिहा. रेंजमध्ये असूनही शून्य होत नसेल तर खिडकी बंद करू नका, थांबा. पट्ट्या का अडकल्या ते आधी बघू.