दोनशे फ्रँक आणि एक सेंट

युरोपची सहल करून ठाण्याला परतलो. बॅगा उपसल्या, चॉकलेटं नौपाड्यात वाटली, आल्प्सचे फोटो सगळ्यांना एकदा आणि चुलत मेहुणीला दोनदा दाखवले. सहल संपली असं मी समजून चाललो होतो. मग एका रविवारी सकाळी, पोहे निवत असताना, फॉरेक्स कार्डाचं स्टेटमेंट उघडलं. (पासवर्ड म्हणजे नावाची चार अक्षरं आणि जन्मतारीख. ही दोन्ही मला येतात, तरी तिसऱ्या खेपेला उघडलं.)

आमच्या कार्डात फक्त युरो भरलेले होते. स्वित्झर्लंडमध्ये चालतो फ्रँक. तिथे कार्ड घासलं की आधी फ्रँकचे युरो होतात आणि वर साडेतीन टक्के मार्कअप लागतो. हे मला ठाऊक होतं, आणि झुरिकमध्ये कॉफी पिताना मी त्याबद्दल बायकोला दोनदा सांगितलंही होतं. तिने कॉफी प्यायली.

घोटाळा हॉटेलच्या डिपॉझिटचा होता. शिरताना त्यांनी २०० फ्रँक घेतले, निघताना २०० फ्रँक परत केले. दोन्ही पावत्या माझ्याकडे आहेत. स्टेटमेंटवर मात्र नावे २१७.३५ युरो आणि जमा २०१.४९ युरो. म्हणजे पैसे हॉटेलात राहिले नाहीत, घरीही आले नाहीत. १५.८६ युरो मधल्या मध्ये आल्प्सच्या दरीत गेले.

कस्टमर केअरला फोन लावला. बावीस मिनिटं सनई ऐकली. मग एक गोड आवाज म्हणाला, "सर, ते राउंडिंग डिफरन्स असतं."

राउंडिंग! भाजीवाला सत्तेचाळीसची मेथी पन्नासला देतो आणि वर कढीपत्ता टाकतो, ते राउंडिंग. चार आण्याचं नाणं २०११ साली बंद झालं, तेव्हापासून अख्खा देश राउंडिंगवरच चाललाय. पण पंधरा युरो म्हणजे चौदाशेच्या आसपास रुपये. एवढ्याला कढीपत्त्याचं शेत आलं असतं.

संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर स्टेटमेंट घेऊन गेलो. तिथे नाना असतात. नाना बँकेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण कुणी कागद पुढे केला की त्यांची बोटं अजून आपोआप हिशेबाला लागतात. त्यांच्या काळी दिवसअखेर ताळा जुळला नाही की कुणी घरी जायचं नाही. "आणि फरक एका पैशाचा असला तरी शोधायचा," नाना म्हणाले, "कारण तो एक पैसा म्हणजे दोन मोठ्या चुकांची वजाबाकी असू शकते."

"दर काढा," त्यांनी फर्मावलं. युरोंना फ्रँकने भागायचं, की बँकेने खरोखर कोणता दर लावला ते कळतं. मी मोबाइलवर भागाकार केला आणि माझं रक्त उसळलं. एकाच तारखेच्या तीन नोंदी होत्या. हॉटेलचा दर निघाला १.०८६७५. कॉफी ४.३० फ्रँकची, नावे ४.६८ युरो, दर १.०८८४. आणि स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाचे १.५० फ्रँक, नावे १.६४ युरो, दर १.०९३३! "एका दिवसात तीन दर? आणि सर्वांत महाग मुतारीचा?"

नाना हसले. "अहो, मुतारीच्या पावतीवरून दर काढू नये." दीड फ्रँकच्या नोंदीत एका सेंटचा फरक पडला की दर अर्ध्या टक्क्याहून जास्त हलतो. दोनशे फ्रँकच्या नोंदीत तोच सेंट दिसतसुद्धा नाही. म्हणून दर काढायचा तो सर्वांत मोठ्या नोंदीवरून, आणि मग तो बारीक नोंदींना लावून बघायचा.

लावला. १.०८६७५ ने कॉफी ४.६७ व्हायला हवी, झाली ४.६८. मुतारी १.६३ व्हायला हवी, झाली १.६४. दोन्हीकडे एक सेंट जास्त. चोर सापडला म्हणून मी टुणकन उडालो, तर नानांनी पुन्हा खाली बसवलं. कार्डाच्या नेटवर्कच्या साइटवर तारीख टाकली की त्या दिवसाचा दर दिसतो. मात्र तारीख टाकायची ती नोंद झाल्याची, कॉफी प्यायल्याची नव्हे. दर होता १.०५००. त्यावर साडेतीन टक्के चढवले की बरोबर १.०८६७५. पण बँक हे एका झटक्यात करत नव्हती. आधी १.५० चे १.५७५, ते गोल करून १.५८. मग त्याचा मार्कअप ०.०५५३, तो गोल करून ०.०६. बेरीज १.६४. घरी एक्सेलमध्ये तसंच करून पाहिलं:

```
=ROUND(B7*1.05,2)+ROUND(ROUND(B7*1.05,2)*0.035,2)
```

त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी सेंटाला सेंट जुळल्या. (नुसतं दोन दशांश दाखवायला सांगितलं तर एक्सेल वरवर गोल आकडा दाखवतं आणि बेरीज आतल्या लपलेल्या आकड्यांची करतं. त्यात माझा अर्धा सोमवार गेला.)

म्हणजे बाई खोटं बोलत नव्हत्या, राउंडिंग होतंच. पण ते दोनदा गोल करणं असल्यामुळे, प्रत्येक वेळी फार तर अर्धा सेंट, एका नोंदीला जास्तीत जास्त एक सेंट. आमच्या सहलीच्या सेहेचाळीस नोंदी. सगळ्याच्या सगळ्या माझ्याविरुद्ध गोल झाल्या असत्या तरी सेहेचाळीस सेंट. पंधरा युरो तेवढ्यात बसत नाहीत. राउंडिंग रकमेबरोबर वाढत नाही, दराची चूक वाढते.

आता जमेची बाजू. हॉटेलवाल्याने रक्कम नुसती अडवून नंतर सोडली असती तर प्रश्नच नव्हता. त्याने चक्क विक्री केली आणि नऊ दिवसांनी परतावा दिला, म्हणजे दोन स्वतंत्र व्यवहार, दोन दिवसांचे दोन दर. परताव्याच्या दिवशी दर होता १.०४४०. दोनशेचे झाले २०८.८०. इथे मला १.२० युरोचा फटका, तो बाजाराचा, त्याला इलाज नाही. जाताना लागलेला मार्कअप ७.३५, तो परताव्यात परत मिळत नाही असं नियमावलीत मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं सापडलं. ठीक. पण हातात आले २०१.४९. उरलेले ७.३१ कुठे?

२०८.८० चे साडेतीन टक्के म्हणजे ७.३१.

जाताना मार्कअप चढवला होता, येताना तोच उतरवला होता. रिक्षावाल्याने मीटरवर सोडावं आणि परत आणताना मीटर आपल्याकडून उलटा फिरवावा, तसं. नानांनी कागदावर तीन आकडे एकाखाली एक मांडले, ७.३५, १.२०, ७.३१, खाली रेघ मारली, १५.८६ लिहिलं आणि रेघ आणखी एकदा ठळक केली. मला वाटतं निवृत्तीनंतरचा तो त्यांचा सर्वांत सुखाचा क्षण असावा.

तक्रारीत मी फक्त ७.३१ मागितले. बाकीच्याचं नावही काढलं नाही, कारण तिथे ते बरोबर होते आणि एकदा ते बरोबर ठरले की पुढचं कुणी वाचत नाही. तीन ईमेल गेले. चौथ्याला उत्तर आलं की बँकेची काहीही चूक नसून केवळ सद्भावना म्हणून रक्कम देण्यात येत आहे.

सद्भावना बचत खात्यात आली. ६४९ रुपये ८६ पैसे. मी लगेच भागिले ७.३१ केलं. दर ८८.९०. आणि कार्ड भरताना याच बँकेने मला युरो दिले होते ९२.४० ने.

"अगं, तो स्टेटमेंटचा कागद कुठे आहे?"

"नानांकडे," बायको म्हणाली. "ते मघाशीच येऊन घेऊन गेले."