हस्ताक्षर तज्ज्ञाचा रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे

«सही खरी की खोटी हे फक्त हस्ताक्षर तज्ज्ञच सांगू शकतो. त्याचा रिपोर्ट आला की कोर्टाला तो मानावाच लागतो, मग साक्षीदार काहीही म्हणोत. न्यायाधीशाला स्वतः सह्या ताडून बघायचा अधिकार नाही. आणि रिपोर्ट आपल्या बाजूने आला तर केस जिंकलीच समजा.»

ही चारही वाक्ये चुकीची आहेत. यांच्यावर विसंबून लोक आपले खरे पुरावे वाऱ्यावर सोडतात आणि सगळा जोर एका अर्जावर लावतात, म्हणून एकेक मुद्दा नीट पाहू. त्यासाठी एक काल्पनिक दावा घेतो, पण तालुक्याच्या कोणत्याही दिवाणी कोर्टात भेटेल असाच.

मार्च २०१७ मध्ये जमिनीची इसारपावती झाली. किंमत १८ लाख, इसार ३ लाख रोख. पावतीवर जमीनमालकाची मराठीत सही, दोन साक्षीदार, शिवाय मजकूर लिहिणाऱ्याचे नाव. मालक खरेदीखत करून देईना, म्हणून २०१९ मध्ये खरेदीदाराने दावा लावला. मालकाने कैफियतीत म्हटले, ‘सही माझी नाही, पावती बनावट आहे.’ मग त्याने खासगी तज्ज्ञाला कागद दाखवले. तज्ज्ञाने पावतीवरची सही वकीलपत्रावरच्या आणि कैफियतीवरच्या सह्यांशी ताडली आणि रिपोर्ट दिला की सह्या एकाच व्यक्तीच्या नाहीत.

पहिला मुद्दा, सही सिद्ध करण्याच्या मार्गांचा. तज्ज्ञाचे मत हा त्यातला एक मार्ग आहे, जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ मधला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम ३९ मध्ये आहे. पण त्याआधी सर्वांत सरळ मार्ग उरतोच. ज्याच्यासमोर सही झाली, तो माणूस शपथेवर सांगू शकतो की माझ्यादेखत केली. सही करणारा स्वतः कबूल करू शकतो. शिवाय जुने कलम ४७, आताचे ४१, अशा माणसाची साक्ष ग्राह्य धरते ज्याला त्या व्यक्तीचे अक्षर ओळखीचे आहे. त्याने तिला लिहिताना पाहिलेले असावे, किंवा तिच्याशी पत्रव्यवहार केलेला असावा, किंवा कामाच्या ओघात तिचे कागद त्याच्यासमोर नेहमी येत असावेत. सोसायटीचा सचिव पाच वर्षे मालकाच्या पीककर्जाच्या अर्जांवरच्या सह्या पाहत आला असेल, तर त्याचेही मत पुरावा ठरते. त्यासाठी त्याला कोणती पदवी लागत नाही.

आपल्या दाव्यात सिद्ध करण्याचा भार खरेदीदारावर आहे, कारण कागद त्याने पुढे केला. सर्वोच्च न्यायालयाने थिरुवेंगडम पिल्लै प्रकरणात (२००८) हे स्पष्ट केले आहे. सही नाकारणाऱ्याने कागद तज्ज्ञाकडे पाठवला नाही म्हणून कागद खरा, असा निष्कर्ष निघत नाही. तेव्हा खरेदीदाराने आधी दोन साक्षीदार आणि मजकूर लिहिणारा यांना पिंजऱ्यात उभे केले पाहिजे. ते हयात असून बोलावलेच नाहीत, तर त्याच्या केसला पहिली चीर तिथेच पडते.

दुसरा मुद्दा, म्हणजे न्यायालय रिपोर्टाने बांधले जाते का, हा सगळ्यात महत्त्वाचा आहे. न्यायालय बांधले जात नाही. तज्ज्ञ मत देतो, आणि मत कशावर उभे आहे हे तपासणे हे न्यायाधीशाचे काम. कायदा त्या मताची कारणेही पुराव्यात येऊ देतो (जुने कलम ५१, आता ४५) ते त्यासाठीच. खासगी तज्ज्ञाचा रिपोर्ट नुसता दाखल करून भागत नाही. त्याने साक्षीला यावे लागते, मोठे केलेले फोटो दाखवून कारणे सांगावी लागतात आणि उलटतपासाला तोंड द्यावे लागते.

आता आपल्या रिपोर्टाची कारणे पाहा. तज्ज्ञ साधारणपणे रेषेची प्रत पाहतो. हात सरसर चालला आहे की अडखळत, पेन कुठे उचलले, थांबून पुन्हा कुठे टेकवले, नंतर कुठे गिरवले हे त्यात येते. मग अक्षरांची उंची आणि एकमेकांशी प्रमाण, कल, जोड, आणि देवनागरी सहीत शिरोरेषा कशी ओढली, वेलांटी कुठून सुरू झाली, शेवटचा फटकारा कसा सुटला. एखादे अक्षर वेगळे दिसले म्हणून सही वेगळ्या माणसाची ठरत नाही, कारण एकाच माणसाच्या दोन सह्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात. त्याच्या सहीत स्वाभाविक फरक किती पडतो, हे आधी कळावे लागते. ते कळायला पुरेसे नमुने हवेत, शक्यतो वादग्रस्त सहीच्या आसपासच्या काळातले, त्याच लिपीतले आणि मूळ कागदावरचे. झेरॉक्सवर पेनचा दाब आणि गिरवणे धड दिसत नाही.

आपल्या तज्ज्ञाकडे काय होते? दोनच नमुने, दोन्ही दावा लागल्यानंतरचे. सही नाकारायची हे मनात ठरवून मालकाने त्या सह्या केल्या असतील ही शक्यता कोणीच पुसून टाकलेली नाही. उलटतपासात तीनच प्रश्न पुरे आहेत: मार्च २०१७ पूर्वीची एकही सही पाहिली का, नमुने कोणी पुरवले, आणि मालकाच्या सहीत एरवी किती फरक पडतो हे दोन नमुन्यांवरून कसे ठरवले. महाराष्ट्र राज्य विरुद्ध सुखदेव सिंग हा पुण्यातल्या जनरल वैद्य यांच्या हत्येचा खटला. त्याच्या १९९२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले आहे. ज्या लिखाणाशी तुलना केली ते खरोखर त्याच माणसाचे आहे याची, आणि तज्ज्ञाच्या पात्रतेची व विश्वासार्हतेची, न्यायालयाची पूर्ण खात्री झाली पाहिजे.

मग साक्षीदार एक सांगतात आणि तज्ज्ञ दुसरे, तेव्हा काय? शशी कुमार बॅनर्जी (१९६४) हे मृत्युपत्राचे प्रकरण. तिथे न्यायालय म्हणाले की हस्ताक्षराबाबत तज्ज्ञाचे मत प्रत्यक्ष पुराव्याची जागा क्वचितच घेऊ शकते. २०१९ मध्ये चेन्नाडी जलपती रेड्डी प्रकरणात तर जवळजवळ आपलाच प्रसंग होता. विक्रीच्या करारावरची सही नाकारलेली, आणि उच्च न्यायालयाने तज्ज्ञाच्या मताला जास्त वजन देऊन दावा फेटाळलेला. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, कारण करार होताना हजर असलेल्यांच्या साक्षी विश्वसनीय होत्या.

याचा अर्थ तज्ज्ञाचे मत कचऱ्यात टाकायचे असाही नाही, आणि वकील मंडळी इथे दुसऱ्या टोकाला जातात. ‘पुष्टी नसेल तर तज्ज्ञाचे मत शून्य’ असा कायद्याचा नियम नाही. मगन बिहारी लाल (१९७७) मध्ये न्यायालयाने केवळ अशा मतावर शिक्षा देणे असुरक्षित म्हटले. पण मुरारी लाल (१९८०) मध्ये न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी नेमकेपणाने सांगितले की तज्ज्ञ हा काही गुन्ह्यातला साथीदार नव्हे, त्याच्याकडे संशयानेच पाहायचे असे नाही. सावध राहायचे, कारणे खोदून पाहायची आणि बाकीचा पुरावा विचारात घ्यायचा. कारणे पटणारी असतील आणि शंका घ्यायला जागा देणारा विश्वसनीय पुरावा नसेल, तर ते मत स्वीकारताही येते.

आपल्याच दाव्यात चित्र थोडे बदलून बघा. समजा दोन्ही साक्षीदार खरेदीदाराचे मेहुणे आहेत. एक म्हणतो पावती तहसीलसमोरच्या टपरीवर झाली, दुसरा म्हणतो घरी. ३ लाख रोख कुठून आले याचा बँकेत मागमूस नाही. आणि तज्ज्ञाने २०१४ च्या नोंदणीकृत खरेदीखतावरची, बँकेच्या नमुना कार्डावरची आणि सोसायटीच्या कर्जाच्या कागदांवरची अशा सात-आठ मूळ सह्या पाहून दाखवले की वादग्रस्त सहीत रेषा थरथरती आहे, मधेच पेन उचलले आहे, आणि मालकाची सही एरवी एका झटक्यात होते. इथे तेच तज्ज्ञमत दाव्याचा कणा मोडू शकते. थरथर मात्र नीट वाचावी लागते. म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाच्या खऱ्या सहीतही ती असते, पण चित्र काढल्यासारखा संथपणा सहसा नसतो.

तिसरा मुद्दा अधिकाराचा. जुने कलम ७३, नवे ७२, न्यायालयाला कबूल किंवा सिद्ध झालेल्या सहीशी वादग्रस्त सही ताडून पाहण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत देते. न्यायालयात हजर असलेल्या व्यक्तीला तुलनेसाठी शब्द किंवा आकडे लिहायलाही न्यायालय सांगू शकते. मुरारी लाल प्रकरणात न्यायालयाने म्हटले की तज्ज्ञ उपलब्ध असो वा नसो, हे काम टाळून चालत नाही.

पण हा अधिकार किती जपून वापरायचा, यावर निकालांनी बराच भर दिला आहे. पाली राम (१९७९) मध्ये, न्यायाधीशाने स्वतः तज्ज्ञाची जागा घेण्यापेक्षा तज्ज्ञाची मदत घेणे शहाणपणाचे, असे म्हटले. ओ. भरतन (१९९६) या केरळच्या निवडणूक याचिकेत उच्च न्यायालयाने मतपत्रिकांच्या स्थळप्रतींवरच्या सह्या स्वतःच ताडून निष्कर्ष काढले, ते सर्वोच्च न्यायालयाने चुकीचे ठरवले. थिरुवेंगडम पिल्लै प्रकरणात अंगठ्याचे ठसे होते. पहिल्या अपिलाच्या न्यायालयाने नुसत्या डोळ्यांनी पाहून ते जुळतात म्हटले, आणि अशी वरवरची तुलना सर्वोच्च न्यायालयाला मान्य झाली नाही. ठसा पुसट असेल तर अंदाज बांधायचा नाही.

म्हणून आपल्या न्यायाधीशाने सह्या जरूर पाहाव्यात, पण २०१४ च्या खरेदीखताशी. आणि निकालात नुसते ‘साम्य दिसते’ न लिहिता कोणत्या अक्षरात, कोणत्या वळणात, ते लिहावे. तेवढे लिहिणे जमत नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम १०-अ खाली शास्त्रीय तपासासाठी आयुक्त नेमण्याची सोय आहे. हा अर्ज साक्षीपुरावा सुरू होतानाच, जुन्या मूळ कागदांच्या यादीसह करावा. युक्तिवादाच्या दिवशी केलेला अर्ज वेळकाढूपणाचा वाटतो आणि अनेकदा फेटाळला जातो.

शेवटचा मुद्दा जिंकण्याचा. समजा नवा रिपोर्ट खरेदीदाराच्या बाजूने आला. त्यातून सही मालकाची आहे एवढेच कळते. ३ लाख खरोखर दिले का, मजकूर सहीच्या आधीचा की कोऱ्या कागदावर नंतर लिहिलेला, हे प्रश्न उभेच राहतात. शिवाय करार पुरा करून मागणाऱ्याला उरलेले १५ लाख द्यायला आपण कायम तयार आणि राजी होतो हेही सिद्ध करावे लागते. त्याचे उत्तर बँकेच्या पासबुकात आणि वेळेवर पाठवलेल्या नोटिशीत सापडते.

मृत्युपत्रात ही मर्यादा आणखी ठळक आहे. मृत्युपत्रावर किमान दोन जणांचे साक्षांकन लागते. साक्षांकन करणारा हयात असून न्यायालयाच्या आवाक्यात असेल, तर त्यांच्यापैकी निदान एकाला तपासावेच लागते (जुने कलम ६८, नवे ६७). वडिलांची सही खरी आहे असे दहा तज्ज्ञांनी सांगितले आणि मुलाने साक्षीदाराला बोलावलेच नाही, तर ते मृत्युपत्र सिद्ध होत नाही.