एरिथ्रोपोएटिन ‘नॉर्मल’, तरी हिमोग्लोबिन ७.८ का?

“किडनी एरिथ्रोपोएटिन बनवत नाही म्हणून रक्त कमी होतं, असं तुम्ही लिहिलंत. माझ्या वडिलांना किडनीचा त्रास आहे, हिमोग्लोबिन ७.८. टेस्ट केली तर एरिथ्रोपोएटिन १४, म्हणजे रेंजमध्ये. ऑक्सिमीटरवर ऑक्सिजनही ९८. मग कमी काय आहे? लेख म्हणजे इंजेक्शनांची जाहिरात वाटली.” (एक वाचक, ऐरोली)

नमस्कार. एरिथ्रोपोएटिन म्हणजे लाल पेशी बनवायला लावणारं किडनीचं हार्मोन. १४ च्या शेजारी छापलेली रेंज ही ज्यांचं हिमोग्लोबिन चांगलं आहे अशा माणसांची असते. वडिलांचा आकडा तिच्याशी ताडून चालत नाही. पाळीत जास्त रक्त जाऊन एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन ७.८ वर आलं आणि तिच्या किडन्या धडधाकट असतील, तर तिचं एरिथ्रोपोएटिन सहज शंभराच्या वर जातं. हिमोग्लोबिन १० च्या खाली उतरलं की हा आकडा पटींनी चढायला हवा. वडिलांचा १४ वरच बसून राहिलाय. आजार दिसतो तो इथेच.

आता ते ९८. बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर एवढंच सांगतं की जे हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती टक्के ऑक्सिजनने भरलंय. मुळात हिमोग्लोबिन आहे किती, हे त्याला कळत नाही. मानेतली जी यंत्रणा श्वासाचा वेग ठरवते, तीही या बाबतीत अशीच फसते, कारण ॲनिमियात धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब नॉर्मलच राहतो.

किडनीला मात्र कळतं, आणि त्यामागची व्यवस्था मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. तिथला बहुतेक ऑक्सिजन खर्च होतो गाळलेलं मीठ परत शोषून घेण्यात. रक्तपुरवठा कमी झाला तर गाळणंही कमी होतं, मिठाचं काम कमी होतं आणि ऑक्सिजनचा खर्चही उतरतो. त्यामुळे रक्त कमी-जास्त वाहिलं तरी आतल्या ऊतीतला ऑक्सिजन फारसा हलत नाही. तो हलतो मुख्यतः रक्तात ऑक्सिजनच कमी असेल तेव्हा, म्हणजे हिमोग्लोबिन घटलं किंवा तुम्ही लेहला गेलात तर.

हा ऊतीतला ऑक्सिजन मोजतात किडनीतल्या बारीक नलिकांच्या मधल्या जागेतल्या काही पेशी. त्यांच्यात एचआयएफ नावाचं प्रथिन सतत बनतं आणि ऑक्सिजन असेपर्यंत काही मिनिटांतच नष्ट केलं जातं. नष्ट करण्याची खूण त्याच्यावर एक एन्झाइम करतं, आणि त्या कामाला ऑक्सिजनच लागतो. ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही, एचआयएफ टिकतं आणि एरिथ्रोपोएटिनचं जनुक चालू करतं. (२०१९ चं वैद्यकातलं नोबेल याच शोधाला: केलिन, रॅटक्लिफ, सेमेन्झा.) या हार्मोनचा साठा कुठे नसतो. गरज पडेल तसं ते बनतं आणि बोन मॅरोतल्या कोवळ्या लाल पेशींना मरू देत नाही.

जुनाट किडनी आजारात दोन गोष्टी बिघडतात. या पेशींपैकी बऱ्याच जणी व्रणाची ऊती बनवायला लागतात आणि मूळ काम सोडतात. शिवाय नलिकाच खराब झाल्याने मिठाचं काम घटतं, ऑक्सिजन कमी खर्च होतो आणि उरलेल्या पेशींना वाटतं, सगळं ठीक आहे. म्हणजे त्या सगळ्या मेलेल्या नसतात. खूण करणारं ते एन्झाइम अडवणारी डेसिडुस्टॅटसारखी गोळी दिली की रुग्णाचं स्वतःचं एरिथ्रोपोएटिन वाढतं, हा त्याचा पुरावा.

जाहिरातीबद्दल. किडनीच्या रुग्णात एरिथ्रोपोएटिनची टेस्ट सहसा लागतच नाही, तो खर्च वाचला असता. इंजेक्शनच्या आधी फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या टेस्ट बघायच्या, कारण लोह नसेल तर इंजेक्शन वाया जातं. लोह भरून काहींचं हिमोग्लोबिन तेवढ्यानेही वर येतं. आणि कोणी १३-१४ पर्यंत चढवू म्हणालं, तर तुमचा संशय रास्त आहे: २००९ च्या ट्रीट नावाच्या चाचणीत १३ चं लक्ष्य ठेवलेल्या गटात पक्षाघाताचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. साधारण १० ते ११.५ मध्ये थांबतात, आणि इंजेक्शन चालू असताना बीपी वाढतंय का ते बघत राहावं लागतं.

वडिलांचा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, तुम्ही लिहिला नाहीत. तो १५-२० असेल तर ७.८ चा मेळ बसू शकतो. ५० असेल तर किडनीवर खापर फोडू नका; शौचातून रक्त जातंय का, बी१२ किती आहे हे आधी बघा, आणि वय साठीच्या पुढे असेल तर मायलोमा या बोन मॅरोच्या कॅन्सरसाठी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची टेस्ट करायची का, हे नेफ्रॉलॉजिस्टना विचारा.