सत्तावीस शब्दांचे शीर्षक

बडोदा संस्थानातील फिरत्या ग्रंथालयांवर मी लिहिलेला शोधनिबंध एका नियतकालिकाने स्वीकारला, पण शीर्षक बारा शब्दांत बसवावे अशी अट घातली. माझे शीर्षक असे होते: ‘श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या कारकिर्दीतील बडोद्यातील ग्रंथालयविषयक धोरणांचा व विशेषतः फिरत्या ग्रंथालयांच्या वाटचालीचा सन १९१० ते १९३९ या कालखंडाच्या विशेष संदर्भात केलेला एक चिकित्सक अभ्यास’. मोजले तर सत्तावीस शब्द भरले. मला ते भारदस्त वाटत होते. बायकोला ते लग्नपत्रिकेतील निमंत्रकांच्या यादीसारखे वाटले.

इथे बडोद्यातच दांडिया बाजारात राहणारी माझी आत्या आयुष्यभर ग्रंथालयात तालिकापत्रे लिहून निवृत्त झाली आहे. मी तिच्यापुढे कागद ठेवला. तिने चष्मा पुसला आणि एकच प्रश्न विचारला, “अरे, हे शोधणारा माणूस काउंटरवर येऊन काय मागेल?”

त्या प्रश्नापुढे अर्धे शीर्षक आपोआप गळाले. ‘श्रीमंत’ कोणी मागत नाही. ‘विशेष संदर्भात केलेला’ हे शब्द मागणारा वाचक मला अद्याप भेटलेला नाही. ‘चिकित्सक’ हा शब्द तर आमच्या या गुजराती शहरात शोधलाच, तर पोटदुखीवाला शोधील. मी उत्साहाने कात्री चालवली आणि सहा शब्दांचे सुबक शीर्षक तयार केले: ‘सयाजीरावांच्या कारकिर्दीतील बडोद्यातील फिरत्या ग्रंथालयांची वाटचाल’. मनात म्हटले, अट बाराची आणि माझे सहातच भागले. उरलेले सहा एखाद्या गरजू सहकाऱ्याला द्यावेत.

आत्या मात्र खूष झाली नाही. ‘बडोद्यातील’ या शब्दाने सुरू होणारा माझा एक जुना लेख त्याच नियतकालिकाच्या संग्रहात होता. तिने मला तेथील शोधचौकटीत ‘बडोदा’ टंकायला लावले. लेख सापडला नाही. ‘बडोद्यातील’ टंकल्यावर मात्र तो मुकाट्याने समोर येऊन उभा राहिला.

मराठी लिहिताना आपण जिला भाषेची लवचिकता म्हणून मिरवतो, तिने माझा असा घात केला होता. विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते आणि ‘बडोदा’चे ‘बडोद्या’ होते. अक्षरेच बदलल्यामुळे, केवळ अक्षरे जुळवून पाहणाऱ्या साध्या शोधचौकटीला ती दोन वेगळी गावे वाटतात. ‘सयाजीरावांच्या’ या शब्दात ‘सयाजीराव’ निदान अखंड शाबूत आहे, पण संपूर्ण शब्दच जुळवून पाहणाऱ्या यंत्रणेला तोही दिसत नाही. मोठी शोधयंत्रे काही रूपे सांभाळून घेतात. छोट्या संग्रहांकडून तेवढ्या समजूतदारपणाची अपेक्षा धरता येत नाही. माझ्या सुबक शीर्षकातला, कोणी शोधील असा प्रत्येक शब्द प्रत्ययाच्या बुरख्यात होता.

मग उलटे काम सुरू झाले. ज्या ‘यांच्या’ला मी आदराची चरबी समजून कापले होते, त्याला सन्मानाने परत बोलवावे लागले, कारण तो प्रत्यय स्वतःच्या अंगावर घेतो आणि नाव जसेच्या तसे राहू देतो. ‘बडोद्यातील’ऐवजी ‘बडोदा संस्थान’, ‘फिरत्या ग्रंथालयांची’ऐवजी ‘फिरती ग्रंथालये’ असे केले. वर्षे मी काढणार होतो, पण आत्याने ती सोडली नाहीत: बोर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल १९१० मध्ये बडोद्यास आले आणि सयाजीराव १९३९ मध्ये वारले, हा कालखंड विषयाची हद्द सांगतो आणि शब्द एकच खातो. ‘ग्रंथालये’ आणि ‘ग्रंथालय’ अशी दोन्ही रूपे ठेवली तर पुनरुक्तीचा दोष लागेल, अशी शंका मी काढली. त्यावर ती म्हणाली, “लागू दे. एकाने अनेकवचन मागितले, दुसऱ्याने एकवचन, तर दोघांनाही पुस्तक मिळायला हवे.”

शेवटी हे अकरा शब्द उरले: ‘बडोदा संस्थान आणि फिरती ग्रंथालये: सयाजीराव गायकवाड यांचे ग्रंथालय धोरण, १९१०–१९३९’.

‘बडोदे’, ‘वडोदरा’, ‘फिरती वाचनालये’, ‘ग्रंथालय चळवळ’ आणि ‘बोर्डन’ ही मंडळी बाहेर राहिली, त्यांची सोय बीजशब्दांत केली. तेथे मी आधी शीर्षकातलेच शब्द पुन्हा लिहिले होते. म्हणजे ज्या दारातून वाचक येणारच होता, तेथेच आणखी पाच पाट्या लावल्या होत्या. ‘वडोदरा’ मात्र सारांशाच्या पहिल्या वाक्यातही घातले, कारण आजचा विद्यार्थी तेच टंकणार. गावोगावी जाणाऱ्या पुस्तकांच्या पेट्याही तेथेच मावल्या.

पंधरा दिवसांनी मुद्रिते आली. भाषा प्रवाही व्हावी म्हणून मुद्रितशोधकांनी शीर्षकाचा पूर्वार्ध प्रेमाने सुधारला होता: ‘बडोद्यातील फिरती ग्रंथालये’. मी तत्काळ संपादकांना पत्र लिहिले. विषय: माझ्या लेखाच्या शीर्षकातील बडोदा या शब्दास मुद्रितशोधनाच्या टप्प्यावर लावण्यात आलेला प्रत्यय काढून तो शब्द मूळ रूपात पूर्ववत ठेवण्याबाबत नम्र विनंती.