नुसते टिंब म्हणजे नकार? माझ्याच पोस्टबद्दल खुलासा

“कोणी उत्तरात फक्त ‘...’ पाठवलं तर समजा, तो चिडलाय किंवा नकार देतोय. विषय तिथेच संपवा.”

हे मीच लिहिलं होतं आणि ते चुकीचं आहे. एका मैत्रिणीला मी कळवलं होतं, “तुझे पैसे या महिन्यात जमणार नाहीत.” तिचं उत्तर आलं, “....” मी राग गृहीत धरला, दोन दिवस गप्प बसले आणि वर ती पोस्ट लिहिली. मग फोनवर ती म्हणाली, “अगं, ‘चालेल’ लिहिणं खोटं झालं असतं, ‘नाही चालणार’ लिहवेना. वाचलंय एवढं तरी तुला कळावं म्हणून टिंबं टाकली.”

म्हणजे ती अडखळली होती, पण बोलणं तोडलं नव्हतं. तोडायचं असतं तर काहीच पाठवलं नसतं. समोरचा टाइप करत असताना काही ॲपमध्ये हलणारे तीन ठिपके दिसतात, ते मात्र वेगळे. ते ॲप दाखवतं, माणूस पाठवत नाही.

आधी त्या व्यक्तीचे जुने मेसेज बघा. माझी मावशी “बरं.... बघते....” असंच लिहिते. तिची टिंबं म्हणजे निव्वळ श्वास! एरवी नीट लिहिणाऱ्याने एखाद्या अवघड प्रश्नावर नुसती टिंबं पाठवली, तर तिथे काहीतरी अडलंय. पण राग, संकोच की दुःख, हे टिंबांवरून ओळखता येत नाही. “आत्ता बोलायचं की उद्या?” एवढंच विचारा.

जुनी पोस्ट मी काढली आहे. तिचे स्क्रीनशॉट कृपया पुढे पाठवू नका.